विलंबाचे कारण

माझ्या ताईला सरकार 'सुशिक्षित बेरोजगार अभियंता' म्हणते. सकाळी सहाला घरून निघून अंधार पडल्यावर चिखलाने भरलेले बूट अंगणात काढणारी बाई बेरोजगार! या नावाखाली छोटी कामे चिठ्ठ्या टाकून वाटतात आणि त्या चिठ्ठीतून तिला पहिले मोठे काम लागले ते एका जुन्या मालगुजारी, म्हणजे जमीनदारांच्या काळातल्या, तलावाच्या दुरुस्तीचे. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती चढवायची, आतल्या उतारावर दगडी अस्तर लावायचे आणि तलावातून शेताला पाणी सोडायची जी जागा असते, जिला आमच्याकडे तुडूम म्हणतात, ते जुने गळके तुडूम काढून नवीन काँक्रीटचे बांधायचे. मुदत एप्रिलअखेर. तिने ते जूनमध्ये, पाऊस यायच्या आत, पूर्ण केले. पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला आणि पाळीतून थेंब गळला नाही. पलीकडची धानाची बांधी, जी दर वर्षी फुकटात ओली राहायची, ती कोरडी पडली म्हणून एका माणसाने तक्रारसुद्धा केली. याहून चांगली पावती काय असते मला माहीत नाही.

पण पावती असून भागत नाही, दाखला लागतो. काम पूर्ण केल्याचा दाखला. ज्याने काम दिले त्या कार्यालयाने लिहून द्यायचे असते की अमुक काम अमुक ठेकेदाराने केले, त्यात काय काय होते, आदेश कधीचा, मुदत कधीची, प्रत्यक्षात पूर्ण कधी झाले, उशीर झाला असल्यास कारण काय आणि कामाचा दर्जा कसा. एक पान. हे पान नसेल तर तुम्ही आयुष्यभर तलाव बांधा, कागदावर तुम्ही काहीच बांधलेले नसते.

ताईला ते पान हवे होते कारण चिठ्ठीच्या बाहेरची पहिली निविदा निघाली होती. शेजारच्या तालुक्यातला मोठा तलाव. खुली स्पर्धा. अट अशी की याच प्रकारचे काम केल्याचा दाखला जोडा आणि त्या दाखल्यात ठेकेदाराच्या चुकीने उशीर झाल्याचा शेरा नको. ही निविदा हुकली तर पुन्हा चिठ्ठी, पुन्हा 'बेरोजगार'. तिच्या वर्गातल्या मुलांपैकी अर्धे पुण्याला गेले, दोघे कपड्याच्या दुकानात बसतात. हिला इथेच राहून तलाव बांधायचे होते. एवढीच तिची मागणी. फार नव्हती.

उपविभागातल्या बाबूने मसुदा दाखवला तेव्हा मी तिच्यासोबत होते. मी पत्रके लिहिते, वाटते, मोर्चात बोलते, त्यामुळे कार्यालयात माझे तोंड पाहून बाबू लोक फाइल जरा लवकर काढतात. त्याने पान आमच्याकडे फिरवले. विलंबाचे कारण: कंत्राटदाराची दिरंगाई. कामाचा दर्जा: साधारण.

"दर्जा साधारण कसा?" मी विचारले.

"लेट झालं ना मॅडम. लेट कामाला चांगला कसं लिहणार? सिस्टीमच आहे तशी."

"काँक्रीटला कळतं का उशीर झाला म्हणून?"

ताईने माझा हात दाबला. तिची नजर दुसऱ्याच ओळीवर होती. दिरंगाई.

आता ती दिरंगाई कशी झाली ते सांगते, कारण सगळी चीड तिथूनच येते.

मार्चमध्ये तुडूम फोडायची वेळ आली. त्यासाठी तलाव तळापर्यंत रिकामा करावा लागतो. पंप लागले, मजूर आले आणि त्याच सकाळी गावची माणसे पाळीवर येऊन बसली. सर्वांत पुढे गावचे पाटील. मोठी शेती, मोठा आवाज. तलावाखाली उन्हाळी धान उभा होता, लोंब्या नुकत्या बाहेर पडत होत्या.

"बेटी, धान निसवून राहिला. आता पाणी काढशील तं लोंबीत दाना नाइ भरणार. कापणीलोक थांब."

"मुदत आहे ना काकाजी माझी."

"मुदतीचं पाहून घेऊ आपण. सारा गाव तुझ्या मागं हाये."

त्याच दिवशी उपअभियंता साहेब पाहणीला आले. पाळीखालच्या मोहाच्या झाडाखाली पाटलांकडून चहा आला. साहेबांनी तो बशीत ओतून प्यायला, भरलेला तलाव पाहिला, हिरवा धान पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, पीक जाऊ देऊ नका. लोकांचा शाप नको. ऑफिसचं मी बघतो."

ताई थांबली. पाळीची माती चढवली, वरच्या उताराचे दगड लावले, पण तुडुमाला हात लावला नाही. लेखी कुणाकडून काही घेतले नाही. आमच्याकडे गावासमोर कागद पुढे करणे म्हणजे त्यांच्या शब्दावर थुंकणे असते. आणि साहेबांकडे तरी काय मागायचे? ते स्वतः बोलले होते, चहा पितापिता, सगळ्यांच्या देखत. कामात अडथळा आला तर ठेकेदाराने त्याच वेळी लेखी कळवून मुदतवाढ मागायची असते, हा नियम तिला पाठ होता. पण तिला वाटले, ज्याला कळवायचे तोच समोर उभा राहून थांब म्हणतो आहे, मग कळवायचे कुणाला? मी तिला मूर्ख म्हणणार नाही. मीही थांबले असते. तुम्हीही थांबला असता.

मे उजाडता धान कापला गेला. तलाव रिकामा झाला. ताईने रणरणत्या उन्हात तुडूम बांधले.

तर मसुदा पाहून आम्ही आधी पाटलांकडे गेलो. गाव जवळ नव्हते, ताईच्या गाडीला धक्का मारावा लागला. पाटलांनी ओसरीत खुर्ची दिली. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या आजोबांना अशा ओसरीत कधी खुर्ची मिळाली नव्हती. चहाही आला. पाटलांना मनापासून आनंद झालेला दिसत होता.

"तलाव कसा झाला म्हणते तू? एक नंबर! मी तं साऱ्याइले सांगतो, आपल्या जिल्ह्यातल्या पोरीनं केला म्हणून."

"तेच दोन ओळी लिहून द्या ना, काकाजी," ताई म्हणाली. "धान उभा होता म्हणून गावानं काम थांबवायला लावलं, एवढंच."

पाटलांचा चहा अर्ध्यावर थांबला. त्यांनी कप खाली ठेवला. बाहेर पाहिले.

"लिहून कायले? मी सांगतो ना साहेबाले. फोन लावतो."

"फोन फाइलला लागत नाही जी," मी म्हणाले.

"तू चूप राह्य," ताई मला म्हणाली.

पाटील जरा पुढे सरकले. मग आवाज उतरवून म्हणाले, "हे पाय बेटी. उन्हाळी धानाले पाणी घ्याचं तं अर्ज कराव लागते, पानीपट्टी भराव लागते. मी अर्ज केला नोहोता. माझ्या सहीनं लिहून देलं का धानाले पाणी होतं, तं उद्या मलेच इचारतील, कोनाच्या परवानगीनं घेतलं म्हणून. समजते ना तुले?"

समजत होते. फार चांगले समजत होते. माणूस वाईट नव्हता, हेच त्यातले वाईट. त्याने ताईला निघताना घरचे तांदूळ दिले. ताईने ते घेतले. मी रस्त्यात तिला म्हणाले, फेकून दे ते. ती म्हणाली, तांदळानं काय केलं?

दुसऱ्या दिवशी साहेब. त्यांच्या खोलीत पंखा होता, पण हवा त्यांच्या टेबलापुरती. साहेब सज्जन गृहस्थ, उगीच ओरडत नाहीत, मुलगी नागपूरला शिकते, तिची चौकशी केली की खूश होतात. ताईने सरळ विचारले, "साहेब, तुम्हीच थांबायला सांगितलं होतं."

"हो मॅडम, मी कुठे नाही म्हणतो?"

"मग कारणात तेच लिहा. शेतकऱ्यांच्या उभ्या पिकासाठी तलावात पाणी ठेवावे लागले."

साहेब हसले, दमलेल्या माणसासारखे. "आणि वरून विचारलं की त्याच वेळी मुदतवाढीचा प्रस्ताव का नाही पाठवला? तर मी काय सांगू? चहा पीत होतो?"

मी म्हणाले, "तेच सांगा. खरं आहे ते."

"तुम्ही त्या पत्रकवाल्या का?"

"हो. तीच मी."

त्यांनी माझ्याकडे दुर्लक्ष केले आणि ताईकडे वाकून, अगदी घरच्यासारखे बोलले. "मॅडम, तुमचं नुकसान मला नाही करायचं. माझी बेटी तुमच्याच उमरची आहे. एक काम करू. काम तीस एप्रिललाच पूर्ण झालं असं दाखवू. मुदतीत. मग विलंबच नाही, तर कारणही नाही. दर्जा चांगला लिहतो. उत्तम लिहू का? बोला. आजच वर सहीला पाठवतो."

मी हे आजही विसरू शकत नाही. त्या खोलीत खरे कारण मिळत नव्हते. ते मागायला गेलो तर पाटील घाबरतात, साहेब घाबरतात, बाबू सिस्टीम दाखवतो. पण खोटी तारीख? ती साहेब स्वतः, हसत, बिनपैशाने, उपकार म्हणून द्यायला तयार. लाच मागितली असती तर मला बरे वाटले असते, देवाशप्पथ. लाचेच्या विरुद्ध पत्रक कसे लिहायचे ते मला येते. या मायेविरुद्ध कसे लिहायचे?

ताई म्हणाली, "विचार करून सांगते."

घरी बाबांनी ऐकून घेतले. बाबांनी राइस मिलमध्ये पोती वाहिली आहेत, त्यांची पाठ आता सरळ होत नाही. "घेऊन घे ना बाई," ते म्हणाले. "तू कोनाचं चोरून राहिली का? काम तं तू केलंच. तारीख मांगं झाली का पुढं झाली, तलावाले काय फरक पडते?"

"मला पडते, बाबा."

"कायचा?"

ताई उठली, आतून तिची फाइल आणली आणि एक कागद त्यांच्यासमोर धरला. काँक्रीट ओतताना त्याच मालाचे चौकोनी ठोकळे भरून ठेवतात, मग ते प्रयोगशाळेत दाबून फोडतात, किती जोर सोसतात ते पाहायला. त्या अहवालावर ठोकळा कधी भरला ती तारीख असते. तिच्या तुडुमाच्या ठोकळ्यांवर मे महिना होता.

"दाखल्यात काम एप्रिलमध्ये संपलं आणि काँक्रीट मेमध्ये भरलं? हे दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये राहतील. उद्या कुणी ठेकेदार माझ्या विरुद्ध तक्रार करेल, फाइल उघडेल. साहेबांची तोवर बदली झाली असेल. सापडणार कोण? मी. मग दिरंगाई नाही, खोटा दाखला. आणि चांगलं काँक्रीट खोटं ठरेल, बाबा. माझं सगळ्यात चांगलं काँक्रीट होतं ते."

बाबांनी तारखेवर बोट ठेवून ती पाहिली. मग म्हणाले, "नोको घेऊ मंग."

मी रात्रीतून पत्रक लिहायला घेणार होते. मथळा डोक्यात तयार होता. चहा पिणारे साहेब, पाणी चोरणारे पाटील, आणि मध्ये चिरडलेली माझी बहीण. ताईने पेन काढून घेतला.

"नाव पाटलाचं टाकशील, तर त्याच्यासोबत त्या दहा-बारा घरांचंही पाण्याचं प्रकरण बाहेर निघेल ज्यांनी अर्ज केला नव्हता. त्यांचं काय?"

"मग काय, गप्प बसू?"

"नाही. पण तुझं पत्रक लोक वाचतात आणि त्यात भजी गुंडाळतात. मी आवकला कागद टाकते. त्यात साहेबाला भजी गुंडाळता येत नाही."

तिने स्वतः अर्ज लिहिला. इतका कोरडा की मला वाचून झोप आली. विषय, संदर्भ, कार्यारंभ आदेश. मग: तलावात पाणीसाठा असल्याने तुडुमाचे काम सुरू करता आले नाही, सदर परिस्थिती आपण स्वतः स्थळ पाहणीत पाहिली आहे, पाणी उतरल्यावर काम सुरू करून मे महिन्यात काँक्रीट केले, ठोकळ्यांचा अहवाल सोबत जोडला आहे, तरी दाखल्यात प्रत्यक्ष तारीख व प्रत्यक्ष कारण नमूद करावे, अन्यथा न करण्याचे कारण लेखी कळवावे. पाटलांचे नाव नाही. धानाचे नाव नाही. चहाचे तर नाहीच. मला वाटले, एवढी चीड असताना एवढे थंड कसे लिहिता येते? आता कळते, तोच राग होता. माझा राग मोर्चात पाण्यासारखा वाहतो, तिचा ठोकळ्यासारखा बसतो.

आवक खिडकीवरच्या बाईने अर्ज वाचला, शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि विचारले, "साहेबांना आधी दाखवला का?"

"शिक्का मारा ताई," माझी ताई म्हणाली. "मग दाखवते."

शिक्का बसला. आमच्या प्रतीवर पोच मिळाली. 'लेखी कळवावे' हे दोन शब्द काय करतात ते मी तेव्हा पाहिले. जे साहेब कारण लिहायला घाबरत होते, ते आता कारण न लिहायलाही घाबरले, कारण न लिहिण्याचेही कारण लिहावे लागले असते. मुदतवाढीचा प्रस्ताव तातडीने वर गेला, नाममात्र दंड लावून मंजूर झाला, आणि निविदेचा शेवटचा दिवस यायच्या आधी दाखला हातात पडला.

काम पूर्ण झाल्याचा दिनांक: खरा, जून महिन्यातला. दर्जा: समाधानकारक. विलंबाचे कारण: स्थानिक अडचणी.

मी ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. स्थानिक अडचणी! साहेबाने बशीत ओतलेला चहा, पाटलांची न भरलेली पट्टी, गावाने दिलेला शब्द, पाळीवर बसलेली माणसे, दाणा भरायच्या वाटेवर असलेला धान. सगळ्यांना मिळून एक गोधडी पांघरली. कुणाचा पायसुद्धा बाहेर दिसत नाही. आणि दंड? तो एकटीच्या नावावर. ज्यांच्यासाठी थांबली त्यांच्यापैकी कुणाच्या नाही.

"हे घेणार तू?" मी विचारले.

"यात खोटं काय आहे?"

"खरं काय आहे?"

"तारीख," ताई म्हणाली आणि सायबर कॅफेत निविदा चढवायला निघून गेली.

तिला ते काम मिळाले. मी आनंदाने ओरडले, बाबांनी पेढे आणले, पण ताई काही दिवस गप्पच होती. मला वाटले थकली. तसे नव्हते, ते पुढच्या उन्हाळ्यात कळले.

नव्या तलावावर पंप लागले त्या दिवशी मी तिथे डबा घेऊन गेले होते. तलावाखालच्या बाया आल्या. पाटील नव्हते त्यांच्यात कुणी. दोन बांध्या, तीन बांध्या, एवढीच ज्यांची शेती. त्यांच्यातली एक म्हातारी पुढे आली, पदर कमरेला खोचलेला.

"बाई, धान निसवून राहिला. थांबशील का थोडे दिवस?"

तेच वाक्य. मी ताईकडे पाहिले. ताई म्हणाली, "लिहून द्या, आजी."

म्हातारी तिच्याकडे पाहतच राहिली. "त्या गावात तं तू तोंडानं आयकलं म्हनते. आमच्यासाठी कागद काऊन? आमी गरीब म्हनून?"

मला तो प्रश्न चपराकीसारखा लागला, आणि तो माझ्यासाठी नव्हताच. त्या कार्यालयाने, त्या एका पानाने, हे केले. माझ्या बहिणीला अशी बाई बनवले जी म्हातारीच्या शब्दावर कागद मागते. मोठ्या माणसाच्या शब्दाला तिने मान दिला आणि दंड भरला, आता त्याची वसुली दोन बांध्यांवाल्या बाईकडून? मी तोंड उघडणार, तोच ताई पाळीवर त्यांच्याशेजारी बसली. मातीतच.

"तेव्हा ऐकलं म्हणून माझ्यावर दिरंगाई लिहायला निघाले होते, आजी. मी दंड भरला. मी आजच पंप बंद करते. तुमचा धान मरणार नाही. पण तुम्ही माझ्यासोबत ऑफिसात चला. मी एकटीनं नाही जाणार आता."

म्हातारीने जरा वेळ तिला पारखले. "आमची पानीपट्टी भरली हाये," ती म्हणाली. "आमाले कायचं भेव?"

पंपवाल्याने इंजिन बंद केले. अचानक सगळीकडे शांत झाले, पाण्यावरची बदकेसुद्धा ऐकू आली. मी तिथेच, डब्याच्या झाकणावर कागद ठेवून, बायांच्या वतीने कापणीपर्यंत काम थांबवण्याचा अर्ज लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अर्जात एकही उद्गारचिन्ह नव्हते. सह्या झाल्या, अंगठे झाले, आणि बाया मजुरांच्या पिकअपमध्ये चढल्या.

इथले कार्यालय वेगळे, साहेब वेगळे. आवकचा बाबू मात्र तसाच. एवढ्या बाया खिडकीशी पाहून तो गडबडला. अर्ज वाचून ताईला म्हणाला, "अरे मॅडम, इतक्या सगळ्यांना कशाला आणलं? साहेबांना तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं."

म्हातारीने खिडकीच्या आत हात घातला आणि शिक्क्याचा डबा त्याच्यासमोर सरकवला.

"मार जी," ती म्हणाली. "आमाले धानाकडं जाचं हाये."